विक्रीपूर्व अभियंता : कामाची ओळख खरेदीदाराच्या भाषेत

संगणक प्रणाली विकणाऱ्या कंपनीचे दोन प्रतिनिधी एखाद्या बँकेच्या मुख्य कार्यालयात बैठकीला जातात, तेव्हा त्यांपैकी एक जण दर, सवलत आणि मुदत यांविषयी बोलतो. दुसरा बराच वेळ ऐकत असतो, मधूनच वहीत टिपण करतो. ‘पण हे आमच्याकडे चालेल का?’ हा प्रश्न निघाला, की मात्र साऱ्यांच्या नजरा या दुसऱ्याकडे वळतात. त्याला या व्यवसायात प्रीसेल्स इंजिनिअर, अर्थात विक्रीपूर्व अभियंता म्हणतात.

बैठकीत अवघड गोष्ट सोपी करून सांगणारा हाच अभियंता स्वतःविषयी लिहायला बसला, की बहुधा उत्पादनाच्या माहितीपत्रकाची भाषा वापरतो. नोकरीसाठीचा बायोडेटा असो वा लिंक्डइनवरील ओळख, त्यात प्रमाणपत्रांची नावे, तांत्रिक संज्ञा आणि कोट्यवधींचा एक आकडा एवढेच आढळते. त्यामुळे अनुभव असूनही मुलाखतीचे बोलावणे येत नाही. आणि आलेच, तर तो कोटींचा आकडाच अडचणीत आणतो. ही ओळख कशी लिहावी, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहू. उदाहरण प्रातिनिधिक असून त्यातील आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

काम नेमके कोणते

विक्री प्रतिनिधी ग्राहक शोधतो, दर ठरवतो आणि ऑर्डर मिळवतो. ऑर्डरनंतर प्रणाली उभारणारे अभियंते वेगळे असतात. या दोहोंमधला टप्पा विक्रीपूर्व अभियंत्याचा. ग्राहकाची अडचण काय आहे याची चौकशी करणे, तिच्यासाठी किती क्षमतेची यंत्रणा लागेल याचा हिशेब मांडणे, प्रात्यक्षिक दाखवणे, गरज पडल्यास ग्राहकाच्याच जागेत काही आठवडे चाचणी घेणे आणि निविदेच्या तांत्रिक लिफाफ्यातील प्रत्येक अटीला उत्तर लिहिणे, ही त्याची कामे. ‘हे चालेल’ अशी ग्राहकाच्या तांत्रिक मंडळींची खात्री पटली, की त्याची मुख्य जबाबदारी पुरी होते.

या पदाला कंपनीगणिक निरनिराळी नावे आहेत. कोठे सेल्स इंजिनिअर, कोठे सोल्युशन कन्सल्टंट, तर कोठे सोल्युशन इंजिनिअर. शिवाय आयटी सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांत ‘प्रीसेल्स’ म्हणजे मुख्यतः प्रस्ताव आणि निविदा लिहिणारा विभाग असतो. तेथे प्रात्यक्षिकाचा संबंध येईलच असे नाही. म्हणून केवळ पदनाम लिहून भागत नाही. आपण ग्राहकासमोर प्रात्यक्षिक देतो, चाचणी घेतो की प्रस्ताव लिहितो, हे पहिल्या दोन ओळींत स्पष्ट व्हायला हवे.

वाचणारे दोघे

ही ओळख दोन प्रकारचे लोक वाचतात. पहिला, नोकरी देणारा. त्याच्याकडेही अर्ज आधी मनुष्यबळ विभागातून जातो आणि तेथील कर्मचाऱ्याला उत्पादनाचे ज्ञान असेलच असे नाही. तो पदनाम, क्षेत्र आणि वर्षे पाहतो. त्यानंतर अर्ज विक्रीपूर्व विभागाच्या प्रमुखापुढे येतो. त्याचा प्रश्न वेगळा असतो : हा माणूस एकटा ग्राहकासमोर उभा राहू शकेल का, आणि ज्या ऑर्डरींचा उल्लेख आहे त्यांत याने स्वतः काय केले?

दुसरा वाचक म्हणजे खरेदीदार. बैठकीला कोण येणार हे कळल्यावर अनेक जण त्या व्यक्तीचे नाव इंटरनेटवर शोधतात. त्यांना प्रमाणपत्रांच्या यादीत रस नसतो. आपल्यासारख्या संस्थेची आपल्यासारखी अडचण या माणसाने पाहिली आहे का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. दोघांनाही उपयोगी पडेल असा मजकूर लिहिण्याचा मार्ग एकच आहे. आधी ग्राहकाची अडचण, मग आपण काय दाखवून दिले आणि अखेरीस त्यातून काय घडले, हा क्रम ठेवायचा.

उत्पादनाआधी अडचण

उदाहरणातील अभियंता पुण्याच्या एका कंपनीत सात वर्षे बॅकअप आणि आपत्कालीन यंत्रणा विकण्याच्या कामात साहाय्य करतो. त्याचा एक ग्राहक म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील तीसेक शाखांची नागरी सहकारी बँक. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणि डिसेंबर २०१९ मध्ये चार स्तरांची व्यापक चौकट जाहीर केली. तेव्हापासून ‘सर्व्हर बंद पडला तर काय?’ हा प्रश्न संगणक विभागाच्या खोलीतून संचालक मंडळाच्या टेबलावर आला आहे.

अभियंत्याने जुन्या बायोडेटात या कामाविषयी लिहिले होते : ‘आरपीओ आणि आरटीओ सुधारण्यासाठी लॉग शिपिंगवर आधारित डीआर सोल्युशनचे डिझाइन केले.’ जाणकाराला हे वाक्य कळते. बँकेच्या संचालकाला मात्र आरटीओ म्हटले की वाहन परवान्याचे कार्यालय आठवते.

या दोन संज्ञांमागचे प्रश्न मुळात अगदी साधे आहेत. पहिला : यंत्रणा कोलमडली तर किती वेळाच्या नोंदी हरवल्या तरी बँकेला चालेल? दुसरा : शाखांचे काम किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवे? बँकेत रोज रात्री ११ वाजता टेपवर बॅकअप घेतला जाई. दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजता सर्व्हर बंद पडला असता, तर १७ तासांच्या नोंदी गेल्या असत्या. रात्री १० वाजून ५९ मिनिटांनी पडला असता, तर जवळजवळ २४ तासांच्या. हिशेब नेहमी सर्वांत वाईट वेळेचा धरायचा, म्हणून बँकेची खरी स्थिती २४ तास. टेपवरून सर्व माहिती परत उभी करून पाहिली तेव्हा त्याला १४ तास लागले.

हे आकडे कोणत्याही माहितीपत्रकात मिळत नाहीत. पहिल्याच बैठकीत योग्य प्रश्न विचारले, तरच ते हाती येतात. म्हणूनच ओळख लिहिताना त्यांना पहिले स्थान द्यावे. ‘दिवसभराच्या नोंदी गमावण्याचा धोका आणि १४ तासांची खोळंबा’ ही परिस्थिती वाचकाला कळली, की उत्पादनाचे नाव नंतर आले तरी चालते.

प्रात्यक्षिकाचे वर्णन

नव्या योजनेत बँकेच्या व्यवहारांचा लॉग, म्हणजे प्रत्येक नोंदीची क्रमवार वही, दर १५ मिनिटांनी नागपूरच्या आपत्कालीन केंद्रात पाठवायची होती. माहितीपत्रकात ‘फक्त १५ मिनिटे’ असे ठळक छापलेले. अभियंत्याने प्रात्यक्षिकात यंत्रणेचे पडदे एकामागून एक दाखवण्याऐवजी बँकेच्या महाव्यवस्थापकांनाच चाचणी खात्यात दोन नोंदी करायला सांगितल्या. एक नोंद मुख्य सर्व्हर बंद करण्याच्या अर्धा तास आधी आणि दुसरी दोन मिनिटे आधी. मग सर्व्हर बंद केला आणि दुसऱ्या केंद्रातील प्रणाली उघडली. पहिली नोंद तेथे होती, दुसरी नव्हती.

दुसरी नोंद दिसणार नाही हे अभियंत्याला आधीच माहीत होते. हरवलेल्या काळातील व्हाउचर शाखांनी पुन्हा नोंदवावी लागतील, म्हणून ती दिवसअखेरपर्यंत हाताशी ठेवावीत, हे त्याने त्याच क्षणी सांगितले. यंत्रणेची मर्यादा ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली आणि तिच्यावरचा उपायही समजला. पीटर कोहन यांच्या ‘ग्रेट डेमो’ या पुस्तकातील मुख्य सूत्रही अंतिम फलित आधी दाखवावे असेच आहे. प्रणालीची फेरी नंतर, आणि तीही विचारली तर.

ओळखीत हे लिहिताना ‘दोनशेहून अधिक डेमो दिले’ असे वाक्य फारसे काही सांगत नाही. कोणाला काय दाखवले आणि ते पाहून ग्राहकाने कोणता निर्णय घेतला, हे दोन वाक्यांत यावे. ‘बँकेच्या महाव्यवस्थापकांनी स्वतः केलेल्या नोंदी दुसऱ्या केंद्रात कितपत सुरक्षित पोहोचतात हे दाखवले, त्याआधारे बँकेने व्हाउचर जपण्याची पद्धत ठरवली’ एवढे पुरेसे आहे. नोकरी देणाऱ्याला त्यातून उमेदवाराची विचारपद्धती दिसते.

चाचणीतील हिशेब

पुढे निविदा निघाली. तांत्रिक लिफाफा मान्य झाल्यावर १५ जूनपासून तीन आठवड्यांची चाचणी ठरली. तारीख मुद्दाम निवडलेली होती, कारण ३० जूनची तिमाहीअखेर तीत येणार होती. साध्या दिवशी १५ मिनिटांत सुमारे ४०० एमबी लॉग तयार होई. बँकेची लीज्ड लाइन १० एमबीपीएसची, म्हणजे मिनिटाला सुमारे ७५ एमबी वाहून नेणारी. ४०० एमबी जायला साडेपाच मिनिटांच्या आत-बाहेर वेळ लागे. १५ मिनिटे थांबणे आणि साडेपाच मिनिटे प्रवास मिळून सर्वांत वाईट स्थितीत सुमारे २१ मिनिटांच्या नोंदी जोखमीत. माहितीपत्रकातील १५ मिनिटांचा अर्थ प्रत्यक्षात असा होता.

३० जूनच्या रात्री हजारो खात्यांची व्याज आकारणी सुरू झाली आणि १५ मिनिटांचा लॉग ३ जीबीवर गेला. तेवढा मजकूर त्या लाइनवरून जायला ४० मिनिटे लागतात. तोवर पुढचे दोन लॉग तयार होऊन रांगेत उभे. रांग तासागणिक वाढत गेली आणि ज्या रात्री नोंदी सर्वांत मोलाच्या, त्याच रात्री त्या सर्वांत असुरक्षित ठरल्या.

उपाय महागडा नव्हता, पण खर्च वाढवणारा होता. लाइन ४० एमबीपीएसची केली तर ३ जीबी दहा मिनिटांत जातात. दहा मिनिटे पंधरांपेक्षा कमी, म्हणून रांग लागत नाही. त्या स्थितीत तिमाहीअखेरीसही जोखीम २५ मिनिटांपुरती राहते. प्रत्यक्षात लाइन पूर्ण क्षमतेने वापरता येत नसल्याने थोडी अधिक सूट ठेवावी लागते. बँकेला वाढीव भाडे सांगावे लागेल आणि निर्णय लांबेल, या भीतीने विक्री प्रतिनिधी ही गोष्ट ऑर्डरनंतर काढावी अशा मताचा होता. अभियंत्याने ती चाचणीच्या अहवालातच लिहिली. निर्णय तीन आठवडे लांबला, मात्र ऑर्डर मिळाली.

ओळखीत लिहायचा आकडा येथे ठरतो. ‘जोखीम २४ तासांवरून १५ मिनिटांवर’ हे वाक्य आकर्षक आहे, पण खरे नाही. ‘२४ तासांवरून, तिमाहीअखेर धरून, सुमारे २५ मिनिटांवर’ हे खरे आहे, आणि मुलाखतीत ‘पंचवीसच का?’ असे विचारले तर त्यामागे सांगण्यासारखी सबंध हकिकत आहे. तसेच १४ तासांऐवजी आता काम किती वेळात सुरू होते, हेही चाचणीत मोजलेलेच लिहावे. या उदाहरणात ते दोन तास होते.

ऑर्डरमधील वाटा

सर्वाधिक गफलत होते ती येथे. ही ऑर्डर पाच वर्षांसाठी १ कोटी ४० लाख रुपयांची होती. ‘१.४ कोटींची ऑर्डर मिळवली’ असे अभियंत्याने लिहिले तर ते विक्री प्रतिनिधीच्या कामावर हक्क सांगण्यासारखे होते. ‘ऑर्डरमध्ये योगदान दिले’ असे लिहिले तर त्यातून काहीच कळत नाही. पहिल्या वाक्याची शहानिशा करायला नोकरी देणाऱ्याला जुन्या विक्री प्रतिनिधीला एक दूरध्वनी करणे पुरते. दुसऱ्याची शहानिशा करण्याची कोणाला गरजच वाटत नाही.

यावर उपाय म्हणजे कामाचे नेमके क्रियापद वापरणे. चौकशी केली, क्षमतेचा हिशेब मांडला, प्रात्यक्षिक दिले, चाचणी घेतली, तांत्रिक निविदा लिहिली. ऑर्डरचा आकडा द्यायचा तर ‘ज्या ऑर्डरची तांत्रिक जबाबदारी माझ्याकडे होती तिचे मूल्य’ असा द्यावा. दर आणि वाटाघाटी सहकाऱ्याकडे होत्या, हे सांगण्यात कमीपणा नाही. या व्यवसायातील जाणकाराला ते ठाऊकच असते.

यशाच्या प्रमाणाबाबतही हीच दक्षता हवी. समजा, वर्षभरात अभियंत्याने १४ चाचण्या घेतल्या. त्यांपैकी ११ ठिकाणी ग्राहकाने प्रणाली तांत्रिकदृष्ट्या मान्य केली आणि ७ ऑर्डरी मिळाल्या. उरलेल्या चारपैकी काही दरावर गेल्या, काहींचे अंदाजपत्रक रखडले. ‘यशाचे प्रमाण ७९ टक्के’ असे लिहिले तर वाचक ते ऑर्डरींचे प्रमाण समजेल. आणि ‘५० टक्के’ लिहिले तर अभियंत्याचे स्वतःचे काम झाकले जाईल. ‘१४ चाचण्यांपैकी ११ मान्य, ७ ऑर्डरी’ हे तीनही आकडे दिले की गैरसमजाला जागा राहत नाही. ज्या तीन चाचण्या फसल्या त्यांतील निदान एकीचे कारण मुलाखतीसाठी तयार असावे, कारण तो प्रश्न हमखास येतो.

जुने आणि नवे

जुन्या ओळखीतील पहिला परिच्छेद असा होता : ‘डेटा प्रोटेक्शन, डीडुप्लिकेशन, रेप्लिकेशन आणि डीआर आर्किटेक्चरमधील तज्ज्ञ. पाच प्रमाणपत्रे. दोनशेहून अधिक डेमो. १२ कोटींच्या महसुलात योगदान.’

तोच मजकूर नव्याने लिहिल्यावर असा झाला : ‘सर्व्हर बंद पडल्यावर नोंदी किती हरवतील आणि काम किती वेळात सुरू होईल, हे सहकारी बँकांना ऑर्डरपूर्वी तपासून दाखवतो. विक्रीपूर्व अभियंता, सात वर्षे. चौकशी, प्रात्यक्षिक, चाचणी आणि तांत्रिक निविदा ही माझी जबाबदारी. गेल्या वर्षी १४ चाचण्या, ११ मान्य, ७ ऑर्डरी.’

त्याखाली एकच काम सविस्तर : ‘सुमारे ३० शाखांची नागरी सहकारी बँक. आधी २४ तासांच्या नोंदींचा धोका, पुन्हा उभारणीस १४ तास. तीन आठवड्यांच्या चाचणीत तिमाहीअखेर अपुरी पडणारी लाइन शोधली आणि ती वाढवण्याची शिफारस केली. आता धोका सुमारे २५ मिनिटांचा, उभारणी दोन तासांत. दर आणि करार विक्री सहकाऱ्याकडे.’

प्रमाणपत्रे आणि तांत्रिक संज्ञा वगळलेल्या नाहीत. त्या शेवटी वेगळ्या यादीत गेल्या. मनुष्यबळ विभाग संगणकावर याच शब्दांनी शोध घेत असल्याने त्या हव्यातच. त्याच यादीत पदाची प्रचलित पर्यायी नावेही द्यावीत. लिंक्डइनवर परिचयाच्या आरंभीच्या काही ओळीच आधी दिसतात, बाकीच्या उघडाव्या लागतात. त्यामुळे ग्राहकाच्या अडचणीचे वाक्य अगदी पहिले असावे.

काय लिहू नये

ग्राहकाचे नाव ही सर्वांत नाजूक बाब. बहुतेक ठिकाणी गोपनीयतेचा करार झालेला असतो, आणि ‘अमुक बँकेचा बॅकअप चोवीस तास जुना होता’ हे वाक्य त्या बँकेच्या उणिवेची जाहिरातच ठरते. नाव वगळूनही जिल्हा आणि शाखांची अचूक संख्या दिली तर बँक ओळखू येते, म्हणून ‘सुमारे ३०’ आणि ‘पश्चिम महाराष्ट्र’ असा ढोबळ उल्लेख बरा. सार्वजनिक ओळखीत तर विभागही गाळावा. ग्राहकाच्या प्रणालीच्या आवृत्त्या, जाळ्याची रचना आणि स्पर्धकांचे दर कोठेही येता कामा नयेत. जो उमेदवार जुन्या ग्राहकाचे गुपित लिहितो तो आपलेही लिहील, असा विचार नवी कंपनी करतेच.

लिहून झाल्यावर मजकूर अशा व्यक्तीला वाचायला द्यावा, जिचा संगणक व्यवसायाशी संबंध नाही. ओळखीतले सनदी लेखापाल किंवा बँकेतील शाखाधिकारी त्यासाठी उत्तम. वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात : ग्राहकाची अडचण काय होती, या माणसाने स्वतः काय केले आणि शेवटी काय बदलले? ज्या प्रश्नावर ते अडखळतील ते वाक्य पुन्हा लिहावे.

मुलाखतीत अनेक कंपन्या उमेदवाराला वीस-तीस मिनिटांचे नमुना प्रात्यक्षिक द्यायला सांगतात. समोरचा अधिकारी त्या वेळी खरेदीदाराची भूमिका घेतो आणि ओळखीतील एखादा आकडा हटकून उचलतो. उदाहरणातील अभियंत्याला तेथे फळ्यावर ३ जीबी, ७५ एमबी आणि ४० मिनिटे एवढाच भागाकार मांडावा लागेल.